मधले नऊ लाख

आमच्या कंपनीने त्या वर्षी बावीस लाख कमावले होते. आमच्या कंपनीने त्या वर्षी एकेचाळीस लाख कमावले होते. ही दोन्ही वाक्यं मी एका सोमवारी, एकाच टेबलावर, दोन वेगवेगळ्या कागदांवर वाचली. पहिला कागद आमच्या कॉस्टिंगच्या वहीतला होता, दुसरा सीएच्या ऑफिसातून आलेला, करापूर्वीच्या नफ्याचा. कंपनी एक, वर्ष एक, आणि नफे दोन. मला घाम फुटला. भीतीचा नव्हे, संतापाचा.

कंपनी नागापूरच्या एमआयडीसीत आहे. बोअरवेलमध्ये सोडतात त्या पंपांच्या मोटारी आम्ही बनवतो. कॉस्टिंग विभाग म्हणजे मी आणि आमचे सर. सर तिथे बावीस वर्षं होते आणि दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते. मला वर्ष झालं होतं. एक मोटार बनवायला तांबं किती, मजुरी किती, वीज-डिझेल-सुपरवायझर-दुरुस्ती असा वरचा खर्च किती, हे काढणं आमचं काम. मजुरी आणि मालाशिवाय जो सगळा खर्च असतो त्याला कारखान्यात ओव्हरहेड म्हणतात. तो कुठल्या एका मोटारीला चिकटलेला नसतो, म्हणून एक दर ठरवून तासाच्या हिशेबाने सगळ्या कामावर वाटावा लागतो.

मी पत्रकांवर वाढले. पप्पा शहरात छापखान्यात आहेत. त्याआधी ते एका कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. आमच्या केडगावच्या घरात कपाटाच्या तळाला कागद घालायचा तो पत्रकाचा, डब्याखाली ठेवायचा तो पत्रकाचा. रविवारी चर्चला जाताना आजोबांच्या खिशात धर्माची पत्रकं असायची आणि पप्पांच्या खिशात कामगारांची. मी अक्षरं या दोन्हींवर गिरवली. त्यामुळे एक गोष्ट मला लहानपणीच पक्की कळली होती: अन्याय दिसला की तो कागदावर मोठ्या टायपात छापायचा.

आणि अन्याय तर समोर होता. वाइंडिंग शॉप बंद होणार, ही बातमी आठवडाभर कारखान्यात फिरत होती. वाइंडिंग शॉपमध्ये सोळा बायका काम करतात. तांब्याची तार स्टेटरच्या, म्हणजे मोटारीतल्या न फिरणाऱ्या गाभ्याच्या, अरुंद खाचांमधून ओवायची, वेटोळी बसवायची, टोकं जोडायची. एका मोटारीला तीन तास लागतात. मालकांनी सुप्याच्या एका ठेकेदाराकडून भाव मागवला होता. आमच्या कॉस्टिंगच्या हिशेबाने ठेकेदार मोटारीमागे चाळीस रुपयांनी स्वस्त पडत होता. वर्षाला बारा हजार मोटारी, म्हणजे चार लाख ऐंशी हजारांचा फरक. शुक्रवारी संचालकांची बैठक होती. त्यात शॉप बंद करून काम ठेकेदाराला द्यायचं ठरणार होतं.

सोळा जणींत सगळ्यांत जुन्या होत्या त्यांना आम्ही सगळे ताई म्हणायचो. माहेर श्रीगोंद्याकडचं, नवरा केडगावात टेम्पो चालवतो. युनियनच्या कमिटीवर त्या एकट्याच बाई होत्या. सोमवारी दुपारी कँटीनमध्ये त्यांनी माझ्या ताटाशेजारी ताट ठेवलं.

"म्याडम, तुमच्या खात्यात आमचा तोटा लिवलाय म्हनं."

"लिहिलाय."

"मंग कंपनीचा बी तोटा असंल?"

मी गप्प बसायला हवं होतं. मी नाही बसले. "कंपनीला नफा आहे ताई. आमच्या वहीत बावीस लाख आणि बाहेरच्या वहीत एकेचाळीस."

त्यांनी भाकरी मोडायची थांबवली. "दोन वह्या? आमच्या गावात सावकाराच्या असायच्या."

"तेच म्हणतेय मी."

"एकोणीस लाख मधी कुठं गेलं गं?"

मला उत्तर माहीत नव्हतं. पण प्रश्न इतका चांगला होता की मी तोच मथळा केला. त्या संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. 'एकोणीस लाख कुठे गेले?' खाली: 'मालकांच्या दोन वह्या. कामगारांना दाखवायला लहान नफा, स्वतःसाठी मोठा. सोळा भगिनींच्या पोटावर पाय देण्यासाठी खोटा तोटा.' भगिनी हा शब्द मी एरवी कधी वापरत नाही, पण पत्रकात तो आपोआप येतो.

मंगळवारी पप्पांनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला.

"तपासलंस का हे?"

"दोन्ही आकडे माझ्या डोळ्यांनी पाहिलेत."

"मी ते विचारलं नाही."

"पप्पा, तुम्ही असताना तुम्ही विचारलं असतं का?"

ते हसले, पण ते हसणं मला आवडलं नाही. तरी त्यांनी दोनशे प्रती छापून आणल्या. शुक्रवारी सकाळी पहिल्या पाळीला, बैठकीच्या आधी, गेटवर वाटायचं ठरलं. मी गठ्ठा बुधवारी ताईंकडे दिला.

बुधवारीच दहा वाजता सरांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर काचेखाली जुन्या कॅलेंडरचे गणपती होते आणि काचेवर सीएचं पत्र.

"सीएना ताळमेळ पत्रक हवंय. आपला बावीस, त्यांचा एकेचाळीस. कशाने फरक पडला ते एकेक ओळ दाखवायचं. शुक्रवारी बैठकीत लागेल. तू कर."

मला आनंद झाला. मालकाच्याच खर्चाने मालकाची चोरी सापडणार होती. मी रजिस्टरं ओढली.

कागदाच्या डोक्यावर मी लिहिलं: कॉस्टिंगप्रमाणे नफा, बावीस लाख. मग एकेक फरक शोधायला लागले.

पहिला सापडला तो भाड्याचा. कारखान्याची शेड कंपनीच्या मालकीची. भाडं कोणाला द्यावं लागत नाही, म्हणून सीएच्या वहीत भाडं नाही. पण आमच्या वहीत शेडचं भाडं वर्षाला सहा लाख धरलेलं होतं.

"सर, हे तर कुणालाच दिलेलं नाही."

"नाही."

"मग खर्च कसा?"

"उद्या ही शेड भाड्याने दिली असती तर सहा लाख आले असते. आपण ती मोटारी बनवायला वापरतो. मग मोटारीने त्याची किंमत मोजायला नको? भाड्याच्या जागेत असलेल्या कारखान्याशी तुलना करायची तर भाडं दोघांनाही धरावं लागतं." त्यांनी पेन्सिल माझ्या हातावर ठेवली. "मानीव खर्च आहे. कुणाच्या खिशात गेलेला नाही. मिळव सहा."

सहा लाख मिळवले. अठ्ठावीस झाले. माझ्या एकोणीस लाखांतले सहा लाख कुणीही चोरलेले नव्हते.

बँकेच्या ठेवींचं व्याज तीन लाख. ते सीएच्या वहीत नफ्यात होतं, आमच्या वहीत नव्हतं. कारण मोटार बनवण्याशी ठेवीचा काय संबंध? मिळवले. मग जुनं लेथ मशीन विकलं होतं त्याचा फायदा चार लाख. तोही तिकडे होता, इकडे नव्हता. मशीन विकणं हा आमचा धंदा नाही. मिळवले. पस्तीस.

आता उलट्या बाजूच्या ओळी. गावच्या यात्रेला आणि शाळेच्या इमारतीला मिळून एक लाख देणगी दिली होती. सीएच्या वहीत तो खर्च होता. आम्ही तो मोटारीवर चढवला नव्हता, चढवायचा नसतोच. वजा एक. आणि घसारा, म्हणजे मशीनं झिजतात त्याची दरवर्षी धरायची रक्कम. मशीन किती वर्षं टिकेल याचा सीएंचा अंदाज कंपनी कायद्यातल्या मुदतींप्रमाणे होता, आमचा मशीनच्या तासांप्रमाणे. त्यांनी चौदा लाख धरला होता, आम्ही बारा. त्यांच्याकडे दोन लाख जास्त खर्च. वजा दोन.

बत्तीस.

दुपारपर्यंत माझ्या पत्रकातले दहा लाख असे एकेक ओळीने निघून गेले होते. प्रत्येक ओळीला व्हाउचर होतं, प्रत्येक ओळीला कारण होतं. मला ते कारण आवडत नव्हतं एवढंच. मी सरांसमोर कागद ठेवला.

"नऊ लाख राहिले सर. हे कुठे गेले?"

माझ्या आवाजात काय होतं ते त्यांना कळलं असावं. त्यांनी कागद न बघताच म्हटलं, "जादा आकारलेला ओव्हरहेड. तिथे बसव नऊ."

"कशावरून?"

"दरवर्षी तिथेच असतो."

"तुम्ही मोजलाय?"

ते फाईल चाळत राहिले. मी मागच्या वर्षीचं ताळमेळ पत्रक काढलं. त्याच्या आधीचंही काढलं. शेवटची ओळ प्रत्येक वेळी तीच होती, 'जादा आकारलेला ओव्हरहेड', आणि समोर जेवढा फरक उरला असेल तेवढा आकडा. त्या ओळीला एकही आधारकागद नव्हता. म्हणजे बावीस वर्षं आमच्या खात्यात पत्रक खालून वर भरलं जात होतं. वरची ज्ञात कारणं लिहायची, वरखालची दोन टोकं जुळवायची, आणि मधे जे उरेल ते या एका ओळीत कोंबायचं. कागद जुळायचा. सीए सही करायचे. ती ओळ खरी आहे की नाही, हे कुणी विचारलंच नव्हतं, कारण जुळलेल्या कागदाला कोण प्रश्न विचारतो?

"मी मोजते," मी म्हटलं.

"मोज," सर म्हणाले. "पण शुक्रवार आहे लक्षात ठेव."

मोजणं अवघड नव्हतं. कंटाळवाणं होतं. एका बाजूला आम्ही वर्षभरात मोटारींवर किती ओव्हरहेड चढवला: मोटारीवर थेट काम करणाऱ्या सगळ्या कामगारांचे तास गुणिले ठरलेला दर. जॉब कार्डांवरून तास साठ हजार निघाले. दर तासाला पंच्याण्णव रुपये. सत्तावन्न लाख. दुसऱ्या बाजूला प्रत्यक्षात किती खर्च झाला: टॅलीतून एकेक खातं काढायचं, वीज, डिझेल, सुपरवायझर, दुरुस्ती, घसारा आमच्याच हिशेबाचा, कारण त्याचा फरक वर एकदा दाखवून झाला होता. भाडंही यात धरायचं नाही, ते वेगळं दाखवलं होतं. आमचा माल ऑर्डरीप्रमाणे जातो, मार्चअखेर शेल्फवर जवळजवळ काही उरत नाही, म्हणून शिल्लक मालाच्या किमतीचा गुंता नव्हता.

बेरीज अठ्ठेचाळीस लाख.

मी ती तीनदा केली. सत्तावन्न चढवले, अठ्ठेचाळीस झाले. नऊ लाख. सरांची ओळ खरी होती. न मोजता लिहिलेली, पण खरी.

माझं पत्रक पडलं होतं. एकोणीस लाखांतला एक रुपयाही कुठे गेलेला नव्हता. कॉस्टिंगच्या वहीने नऊ लाखांचा असा खर्च मोटारींवर चढवला होता जो झालाच नव्हता, म्हणून तिच्यातला नफा तेवढा कमी दिसत होता. चोरी नव्हती. मी खुर्चीत बसून राहिले आणि पहिल्यांदा मला लाज वाटली, कारण माझ्या मनात उमटलेली पहिली भावना निराशेची होती. मालक चोर निघाला नाही म्हणून मी निराश झाले होते.

मग माझी नजर डिझेलच्या खात्यावर गेली. ते जवळजवळ रिकामं होतं.

"सर, हा पंच्याण्णवचा दर कधी ठरला?"

"लोडशेडिंग होतं तेव्हा. जनरेटर दिवसाचे सहा-सहा तास चालायचा."

"आता तर विजेचा वेगळा फीडर आहे, लोडशेडिंग नाही. छपरावर सोलर आहे. डिझेल लागतच नाही. खरा दर ऐंशी पडतो."

"माहीत आहे."

"मग बदलला का नाही?"

त्यांनी पहिल्यांदा फाईल मिटली. "एका वर्षी दर कमी पडला. खर्च झाला त्यापेक्षा कमी चढवला गेला. मालकांनी भर बैठकीत मला विचारलं, तुमच्या वहीत नफा आणि हातात काहीच नाही, हा कसला हिशेब? मी त्या दिवशी घरी जेवलो नाही. तेव्हापासून दर चढाच ठेवला. जास्त चढवलं तर कुणी विचारत नाही. कमी चढवलं तर विचारतात."

"सर, वाइंडिंग शॉपचे तास छत्तीस हजार आहेत. साठांतले छत्तीस."

गणित त्यांनी माझ्या आधी केलं होतं, तोंडावर दिसत होतं. ओव्हरहेड मजुरीच्या तासांवर वाटला जातो. मशीन शॉपमध्ये मशीन जास्त, माणसं कमी. वाइंडिंगमध्ये सगळं हाताने. जिथे हात जास्त, तिथे तास जास्त. तिथेच तो न झालेला खर्च सगळ्यांत जास्त जाऊन बसला होता. छत्तीस हजार तास, तासाला पंधरा रुपये जादा. पाच लाख चाळीस हजार. मोटारीमागे पंचेचाळीस रुपये.

आणि ठेकेदार चाळीस रुपयांनी स्वस्त होता.

"म्हणजे ते स्वस्त नाहीत," मी म्हटलं. "पाच रुपयांनी महाग आहेत. सर, तुमच्या त्या ओळीने सोळा बायका घरी चालल्या होत्या."

"माझ्या ओळीने नाही," ते हळूच म्हणाले. "माझ्या दराने. ओळीने फक्त तो दिसू दिला नाही." मग फाईल बाजूला सारून, "मला दोन महिने राहिलेत गं."

त्या वेळी मला ते दयेची भीक मागणं वाटलं. आता वाटत नाही.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी वाइंडिंग शॉपमध्ये गेले. ताई स्टेटर मांडीजवळ घेऊन एक तार परत ओवत होत्या. मी सांगितलं की पत्रक वाटू नका, ते चुकलंय.

"चुकलंय म्हंजे?"

"एकोणीस लाख कुठेच गेले नाहीत. शेडचं भाडं, व्याज, विकलेलं मशीन..." मी बोटांवर मोजलं. त्यांनी मध्येच हात वर केला.

"तू लिवलंस ना ते?"

"व्हय," मी म्हणाले. चिडल्यावर माझी भाषा त्यांच्यासारखी होते.

"मालकानं सही केलीया का त्याच्यावर? न्हाई. तू लिवलंस, तू छापलंस, आन् आता तूच म्हनतीस खोटं हाय. आमी सोळा जनी कुठं तोंड दाखवायचं?" मग आवाज खाली आणून, "पाच कागद गेलं गं सकाळी. मशीन शॉपवाल्यानं मागितलं, मी दिलं."

पाच गेले म्हणजे एक तरी आतापर्यंत मालकांच्या टेबलावर होता.

"पण दुसरं एक खरं निघालंय," मी म्हटलं आणि पंचेचाळीस रुपयांचं सांगितलं. त्यांनी तार सोडून ऐकलं. ओव्हरहेडचा शब्द त्यांना नवा नव्हता. तोट्याचं कारण म्हणून सुपरवायझरने तो त्यांना वर्षभर ऐकवला होता.

"म्हंजे आमच्यावर जनरेटरचं डिझेल टाकत्यात, जो चालतच न्हाई?"

"तसंच."

"आन् शेडचं भाडं बी?"

"तुमच्या शॉपच्या जागेच्या मापाने येतं तेवढं. मोटारीमागे वीस रुपये."

"आमी गेल्यावर त्या शेडचं भाडं यायला लागनार का? कोन भाडेकरू बघून ठिवलाय?" त्या आता रागात नव्हत्या, विचारात होत्या. "आन् म्यानेजरसायबाचा पगार बी आमच्यावरच वाटला असंल. आमी गेल्यावर त्यो कमी होनार व्हय?"

मी वही काढली आणि तो प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला. माझ्या शिक्षणात तो असायला हवा होता. तो होता, पण मला तिथे भेटला नव्हता.

त्या संध्याकाळी मी पप्पांना सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पत्रक मागे घेणारं पत्रक मी आयुष्यात एकदाच लिहिलंय. सगळ्यांत जास्त वेळ त्यालाच लागला होता." मग जेवायला बसले.

शुक्रवारी अकरा वाजता बैठकीच्या खोलीत मालक, त्यांचे भाऊ, सीए, सर आणि टोकाला मी. मालकांसमोर माझं पत्रक होतं. घडी घातलेलं, कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा.

"आधी हे," मालक म्हणाले. "बावीस आणि एकेचाळीस. हे आकडे बाहेर फक्त तुमच्या खात्यातून जाऊ शकतात. कुणी सांगितले?"

सरांनी तोंड उघडलं. ते काय म्हणणार होते मला माहीत नाही. मी उभी राहिले.

"मी सांगितले. लिहिलंही मीच. आकडे खरे आहेत, अर्थ खोटा आहे. फरक का पडतो ते मी तपासलं नव्हतं."

मालकांचे भाऊ हसले. "म्हणजे आधी फाशी, मग खटला?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"हिचं नंतर बघू," मालक म्हणाले. "ताळमेळ?"

सर उठले. त्यांनी कागद सगळ्यांना वाटले आणि एकेक ओळ वाचली. सहा, तीन, चार, वजा एक, वजा दोन. सीए मान हलवत होते. शेवटच्या ओळीशी सर थांबले. मला वाटलं ते वाचून बसतील. तसं झालं असतं तर कागद जुळला असता आणि पुढच्या दहा मिनिटांत वाइंडिंग शॉप गेलं असतं.

"ही नऊ लाखांची ओळ," ते म्हणाले, "मी आजवर कधी मोजली नव्हती. उरेल ते लिहायचो. या वेळी हिने मोजली. आपला ओव्हरहेडचा दर जुना आहे, जनरेटरच्या काळातला. मी तो मुद्दाम बदलला नाही. त्यामुळे वाइंडिंगचा खर्च मोटारीमागे पंचेचाळीस रुपयांनी फुगलेला आहे. मी तुम्हाला ठेकेदाराशी तुलनेचा जो कागद दिला, तो चुकीचा आहे."

सीएंनी समोरचा कागद उलटा केला आणि मागे काहीतरी गुणायला लागले. मालक सरांकडे इतका वेळ बघत राहिले की मी नजर खाली घेतली.

"बावीस वर्षं," एवढंच ते म्हणाले.

"हो साहेब."

मी विचारलं, "मी एक प्रश्न विचारू? हा वाइंडिंगच्या एका बाईंचा आहे." मी वहीतून वाचला. शेडला भाडेकरू आहे का? मॅनेजरचा पगार कमी होणार का?

मॅनेजर बैठकीला नव्हते, हे बरं झालं. मालकांचे भाऊ परत हसले, पण या वेळी वेगळं. सीए म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे. ठेकेदाराला काम दिल्यावर जो खर्च थांबणार नाही, तो तुलनेत धरायचाच नसतो. भाड्याचे वीसही काढा. मग तुमचंच शॉप पंचवीसने स्वस्त पडतं. पगाराचा वाटा काढला तर आणखी."

मालकांनी ठेकेदाराचं पत्र फाईलमध्ये परत घातलं. फाडलं नाही. "एक वर्ष. ओव्हरहेडचा दर प्रत्येक सहामाहीला नव्याने काढायचा, प्रत्यक्ष खर्चावरून. वाइंडिंगचे तास, खर्च, सगळं वेगळं. पुढच्या मार्चमध्ये ठेकेदार खरोखर स्वस्त पडला तर मला कुणाचं पत्रक वाचायचं नाही." मग माझ्याकडे, "तुला मेमो मिळेल. खात्याचे आकडे बाहेर दिल्याबद्दल. आणि दर तूच काढायचा. सर जातायत."

मेमो दुपारी आला. मी सही केली. त्यात लिहिलेलं सगळं खरं होतं.

उरलेल्या पत्रकांचं काय करायचं ते ताईंनी मला विचारलं नाही; युनियनच्या खोलीत गठ्ठा फोडून, मागच्या कोऱ्या बाजूवर त्या सोळा जणींनी वर्षभर आपले तास लिहिले. ते मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त शनिवारी सकाळी शॉपमध्ये गेले आणि सांगितलं की शॉप राहिलं, एका वर्षासाठी.

"म्हंजे पुढल्या साली आमचा तोटा निघाला तर त्यो तुज्या हातानं निघनार."

"हो."

"आन् तवा बी तू मोजूनच सांगनार."

"मोजूनच."

मला वाटलं त्या काहीतरी लागेल असं बोलतील. त्यांनी शेजारच्या बाईला हाक मारली, तिच्या जॉब कार्डावरचा कालचा साडेतीन तासांचा आकडा मला दाखवला आणि म्हणाल्या, "अर्धा तास तार संपल्ती म्हनून बसून हुती ती. त्यो मोटारीवर कशाला घालतीस? ह्यो बसल्याचा तास येगळा लिव."

मी खिशातून पेन काढलं आणि कार्डावर एक नवा रकाना आखला.